चौतीस पैशांचा फरक

२०२४च्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या सोसायटीचे सचिव घरी आले. म्हणाले, "ताई, उन्हाळ्याचे टँकर लावावे लागतील. सभासदांकडून आपलं नेमकं येणं किती आहे, ते एका कागदावर लिहून देता का?" मला खजिनदारपद घेऊन पाचच दिवस झाले होते. टपाल खात्यात बचत बँकेच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली. दिवसअखेरचा हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. मला वाटलं, खतावणी आहे, बेरीज करायची आणि आकडा द्यायचा. संध्याकाळचं काम आहे.

त्या एका कागदाला पूर्ण तीन आठवडे लागले.

आमची सोसायटी लातूरला औसा रोडच्या आतल्या बाजूला आहे. तीन विंग, छत्तीस फ्लॅट, सगळे सारख्याच मापाचे. सत्तावीस घरांत मालक स्वतः राहतात आणि नऊ भाड्याने दिलेले आहेत. ते बहुतेक अकरावी-बारावीच्या मुलांच्या पालकांनी घेतलेले. आई मुलाबरोबर इथे राहते, वडील गावाकडे शेती बघतात. महिन्याचं बिल १,४०० रुपये. त्यात सेवा शुल्क १,०००, पाणी २०० आणि दुरुस्ती व सिंकिंग फंड मिळून २००. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर सेवा शुल्काच्या दहा टक्के, म्हणजे १०० रुपये बिनभोगवटा शुल्क वर लागतं. दहा टक्क्यांची ही कमाल मर्यादा राज्य सरकारने २००१ मध्ये घालून दिली आहे. त्यामुळे भाड्याच्या फ्लॅटचं बिल १,५०० होतं. बिल महिन्याच्या १ तारखेला निघतं आणि महिनाअखेरपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर व्याज. २०२४ मधल्या आदर्श उपविधीप्रमाणे ते सरळ व्याज असायचं आणि वर्षाला २१ टक्क्यांच्या वर जाता येत नव्हतं. आमच्या वार्षिक सभेने १८ टक्के ठरवलेलं आहे, म्हणजे महिन्याला दीड टक्का.

आधीच्या खजिनदारांनी आठ वर्षं एक पैसा न घेता हे काम केलं. गंजगोलाईत त्यांचं दुकान आहे. रात्री दुकान बंद करून आले की वही लिहायची, असा त्यांचा नेम होता. मी पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्यांत त्यांनी एक रुपयाही इकडचा तिकडे केलेला नव्हता, हे आधीच सांगते. वहीतली प्रत्येक जमा मला बँकेत सापडली. चूक वही लिहिण्याच्या पद्धतीत होती.

त्यांनी जाताना मार्चअखेरचा एक आकडा लिहून ठेवला होता: सभासदांकडून येणे १,११,३४६. मी प्रत्येक सभासदाचं पान उघडलं आणि शेवटची बाकी एक्सेलमध्ये उतरवली. बेरीज तंतोतंत तीच आली. टपाल खात्यात एवढ्यावर मी सही केली असती. पण छत्तीस आकडे एकाखाली एक दिसत होते, आणि त्यात पाच आकड्यांपुढे वजा चिन्ह होतं. प्रत्येकी वजा ८,४००.

ही पाच घरं सहा महिन्यांचं मेंटेनन्स आगाऊ भरणारी आहेत. मार्चमध्ये त्यांनी एप्रिल ते सप्टेंबरचे पैसे भरून टाकले होते. म्हणजे ४२,००० रुपये सोसायटीकडे आधीच आलेले होते, आणि त्या बदल्यात सहा महिने सेवा देणं बाकी होतं. हे पैसे थकलेल्यांच्या रकमेतून वजा होत होते. चांगल्या सभासदांनी आगाऊ भरलं की थकबाकीचा आकडा खाली यायचा आणि समिती म्हणायची, वसुली बरी चालली आहे. ज्यांनी भरलं नाही त्यांनी मात्र काहीच भरलेलं नसायचं. म्हणून मी पहिलं काम केलं ते दोन बेरजा वेगळ्या करण्याचं. बाकीचा स्तंभ F मध्ये होता:

```
=SUMIF(F2:F37,">0")
=-SUMIF(F2:F37,"<0")
```

पहिल्या ओळीने सांगितलं, येणं १,५३,३४६. दुसरीने सांगितलं, आगाऊ ४२,०००. सचिवांना हवा होता तो आकडा पहिला. पण तोही खरा नव्हता, हे कळायला आणखी काही दिवस गेले.

सगळ्यात मोठी बाकी बी-७ची होती, ७०,९१३ रुपये ९५ पैसे. मालक औसा तालुक्यातले, आता पुण्याला असतात. मुलीच्या बारावीसाठी फ्लॅट घेतला, तिचं शिक्षण झाल्यावर भाड्याने दिला. एप्रिल २०२१ पासून त्यांच्या पानावर एकही जमा नव्हती. तीन वर्षं, छत्तीस बिलं. मागच्या समितीने त्यांच्यावर वसुलीचा अर्ज करायचं ठरवलंच होतं. सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे अर्ज केला की वसुलीचा दाखला मिळतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी रक्कम वसूल करता येते. या अर्जाला खात्याचा उतारा जोडावा लागतो. तो उतारा मी माझ्या सहीने देणार होते, म्हणून पान पहिल्या ओळीपासून हाताने मोजायला घेतलं.

एप्रिल २०२१चं बिल १,५००. मे महिन्यात त्यावर व्याज २२.५०, बरोबर. जूनमध्ये दोन बिलं थकलेली, म्हणजे ३,००० वर दीड टक्का, ४५ रुपये. वहीत होतं ४५.३४.

चौतीस पैसे कुठून आले? वहीत एकच बाकीचा रकाना होता. मेअखेरची बाकी ३,०२२.५० लिहिलेली, आणि जूनचं व्याज त्या सगळ्या रकमेवर काढलेलं. म्हणजे मेचं जे २२.५० व्याज होतं, त्याच्यावरही व्याज. उपविधी सरळ व्याज म्हणते आणि वही चक्रवाढ लिहीत होती. हे कोणी ठरवून केलं नव्हतं. बिलावर "मागील बाकी" अशी एकच ओळ छापलेली, तिच्यात मुद्दल आणि व्याज मिसळलेलं, आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्याच ओळीवरून काढलेलं. ज्या सोसायटीच्या बिलावर मागील मुद्दल आणि मागील व्याज वेगळे छापलेले नाहीत, तिथे ही चूक व्हायला फार वेळ लागत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. बिल दरमहा १,५०० असेल आणि मधे काही भरलेलं नसेल, तर सरळ व्याजाचा कुठल्याही महिन्याचा आकडा २२.५० च्या पटीतच येतो. २२.५०, ४५, ६७.५०, ९०. पैशांमध्ये ३४, ५२ असं काही दिसलं की समजायचं, व्याजावर व्याज चढलं आहे. मी नंतर तीन मोठ्या थकबाकीदारांची पानं फक्त या खुणेने चाळली आणि तिन्हींवर तीच चूक सापडली.

ही चूक इतकी वर्षं का लपून राहिली, तेही मोजून बघितलं. बी-७च्या पानावर पहिल्या वर्षअखेरीस सरळ आणि चक्रवाढ यांतला फरक सत्त्याहत्तर रुपये होता. सत्त्याहत्तर रुपयांसाठी कोण वही उघडतं? तीन वर्षांनी तोच फरक २,७३९ रुपये झाला. छत्तीस बिलांचं मुद्दल ५४,०००, सरळ व्याज १४,१७५, एकूण ६८,१७५ व्हायला हवं होतं.

मी समितीसमोर एवढंच घेऊन जाणार होते. पण एक गोष्ट राहिली होती. ताळेबंदात "अनोळखी जमा" नावाची एक ओळ होती, १६,४०० रुपयांची. बँकेत पैसे आले, पण कोणाचे ते कळलं नाही, म्हणून पावती न फाडता तिथे ठेवलेले. अशा अकरा जमा होत्या. दहा प्रत्येकी १,५०० च्या, एक १,४०० ची. यूपीआयने आलेल्या. पासबुकात एका बाईंचं अर्धं तुटलेलं नाव आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक, एवढंच. त्या नावाचं सभासद यादीत कोणी नव्हतं.

आकडाच बोलत होता. १,५०० हे बिल फक्त नऊ भाड्याच्या फ्लॅटना असतं. त्यातल्या आठांची जमा त्यांच्या त्यांच्या पानावर होती. उरला एकच, बी-७.

मी पुण्याला मालकांना फोन लावला. ते आधी वैतागले होते, कारण नोटीस येणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. "मॅडम, भाडेकरू तर म्हणतो, मी दर महिन्याला टाकतो. मग तुम्ही सत्तर हजार कशाचे मागता?"

"तुम्ही स्वतः किती भरलेत?"

थोडा वेळ ते गप्प राहिले. "मी आधीचे नाही भरले. ते खरं आहे. द्यायचे आहेत. पण जून तेवीसपासून तो भरतो, त्याच्याशी भाडंच तसं ठरलंय."

संध्याकाळी जिना चढून बी-७ला गेले. भाडेकरू अहमदपूरकडचे, मुलाच्या अकरावीसाठी आलेले. त्या दिवशी ते गावाहून आले होते. "ताई, मी तर दर महिन्याला टाकायलोय की. हे बघा." त्यांनी मोबाइल पुढे केला. पैसे त्यांच्या बायकोच्या खात्यातून जात होते, म्हणून नाव ओळखू येत नव्हतं. प्रत्येक व्यवहाराखाली त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: `b7 maint june`, `b7 maint july`, असं मार्चपर्यंत. तो मजकूर त्यांच्या मोबाइलवर पूर्ण दिसत होता. आमच्या पासबुकात तो कापला गेला होता. दहाच्या दहा बारा अंकी क्रमांक मी माझ्या यादीशी ताडून पाहिले. सगळे जुळले.

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. दहा महिने वेळेवर पैसे भरूनही जिन्यात लोक त्यांच्याकडे थकबाकीदाराचा भाडेकरू म्हणून बघत होते.

आता प्रश्न असा की हे १५,००० कुठल्या बिलांत वळते करायचे. समितीत एक मत होतं, सगळ्यात जुन्या बाकीत टाका, २०२१च्या. दुसरं मत, आधी व्याजात टाका. आमचे लेखापरीक्षक म्हणाले, भरणाऱ्याने स्वतः कशासाठी भरलं ते सांगितलं असेल तर निवड तुमची राहत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५९ प्रमाणे देणेकऱ्याने सांगितलेल्या देण्यातच ती रक्कम लावावी लागते. इथे तर महिन्याचं नाव लिहिलेलं होतं आणि रक्कमही त्या महिन्याच्या बिलाएवढीच. म्हणून जून २०२३ ते मार्च २०२४ ही दहा बिलं त्या त्या महिन्यातच भरली गेली असं धरलं. भरणाऱ्याने काहीच सांगितलं नसेल तेव्हा काय करायचं, ते आम्ही आता ठराव करून पावतीच्या मागे छापलं आहे: आधी जुनं व्याज, मग जुनं मुद्दल. आधी असा काही लिखित नियम नव्हता, म्हणून प्रत्येक भांडण नव्याने व्हायचं.

बी-७चा हिशेब मग असा उरला. एप्रिल २०२१ ते मे २०२३ ही सव्वीस बिलं, मुद्दल ३९,०००. त्यांच्यावर सरळ व्याज १३,१६२ रुपये ५० पैसे. एकूण ५२,१६२.५०. वहीत ७०,९१३.९५ होते. फरक १८,७५१ रुपयांचा. त्यातले पंधरा हजार भाडेकरूचे सापडलेले, साधारण हजार रुपये त्या भरलेल्या बिलांवर चुकीने लावलेलं व्याज, आणि उरलेला भाग चक्रवाढीचा. हा अर्ज जुन्या आकड्याने उपनिबंधकांकडे गेला असता, तर मालकांनी नुसतं मोबाइलमधलं पान दाखवलं असतं आणि जे ५२,००० खरोखर येणं आहे त्याबद्दलही आमच्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

समितीच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले, "तीन वर्षं पैसे दिले नाहीत त्यानं. अडीच-तीन हजार जास्त लागले तर लागू द्या." मी त्यांना सांगितलं, ही व्याजमाफी नाही. माफी म्हणजे जे येणं आहे ते सोडणं. हे मुळात येणंच नव्हतं. जास्तीचं व्याज रद्द करण्याची नोंद ठराव करून जर्नलमध्ये घेतली आणि वहीतली जुनी ओळ तशीच ठेवली. खोडाखोड केली असती तर पुढच्या खजिनदाराला हे का झालं ते कळलं नसतं.

यानंतर मी प्रत्येक बिलाला एक ओळ असा तक्ता केला. फ्लॅट, बिलाचा महिना, मुद्दल, भरलेलं, व्याज. व्याजाचा रकाना उरलेल्या मुद्दलावरच चालतो, व्याजाच्या रकान्याला हात लावत नाही. त्यामुळे चक्रवाढ व्हायला जागाच राहत नाही. त्यातही एकदा फसले. सुरुवातीला मी प्रत्येक ओळीत भरायची शेवटची तारीख टाकली आणि एक्सेलला तिथून आजपर्यंतचे पूर्ण महिने मोजायला लावले. ३१ मार्चला सगळं बरोबर आलं. ३० एप्रिलचा कागद काढला तर काही बिलांचं व्याज एका महिन्याने कमी. ३१ मार्च ते ३० एप्रिल हा एक्सेलच्या लेखी पूर्ण महिना होत नाही, एक दिवस कमी पडतो. मग शेवटची तारीख काढून टाकली आणि दोन्ही बाजूंना महिन्याची १ तारीख घेतली. B मध्ये बिलाच्या महिन्याची १ तारीख, H1 मध्ये ज्या महिन्याचा कागद काढायचा त्याची १ तारीख:

```
=ROUND((C2-D2)*1.5%*DATEDIF(B2,$H$1,"m"),2)
```

या सूत्राची एक मर्यादा आहे आणि ती विसरून चालत नाही. एखाद्याने जुनं बिल सहा महिन्यांनी भरलं, तर उरलेलं मुद्दल शून्य होतं आणि सूत्र त्या सहा महिन्यांचं व्याजही पुसून टाकतं. म्हणून उशिरा पैसे आले की पावतीच्या महिन्यापर्यंतचं व्याज आधी हाताने वेगळ्या ओळीत लिहून गोठवते आणि मगच भरलेल्याच्या रकान्यात रक्कम टाकते. अर्धं बिल भरलं तर त्या बिलाच्या दोन ओळी करते. कंटाळवाणं आहे, पण महिन्याला असे प्रसंग दोन-तीनच येतात.

कागद बरोबर आहे की नाही, ते मी एकाच ओळीने तपासते. मार्चसाठी ती अशी होती: फेब्रुवारीअखेरची निव्वळ बाकी १,१३,८६३.५०, त्यात मार्चची बिलं ५१,३०० आणि मार्चचं व्याज १,५१८ मिळवायचे, मार्चमधली जमा ७४,९०० वजा करायची. उत्तर ९१,७८१.५०. आता दुसऱ्या बाजूने, छत्तीस सभासदांच्या बाक्यांची बेरीज: येणं १,३३,७८१.५०, त्यातून आगाऊ ४२,००० वजा. तेच ९१,७८१.५०. बिलं बिलवहीतून येतात, जमा बँकेतून आणि बाक्या खतावणीतून. तिन्ही ठिकाणांहून एकच आकडा आला तरच मी सही करते. याच ओळीत आणखी एक गोष्ट दिसते. मार्चची जमा बिलांपेक्षा साडेतेवीस हजारांहून जास्त होती, पण त्यातले ४२,००० पुढच्या सहा महिन्यांचे होते. ते बाजूला काढले तर जमा बिलांपेक्षा कमीच भरते.

मग प्रश्न आला थकबाकीदार कोणाला म्हणायचं. येणं असलेली नऊ घरं होती. त्यातल्या चौघांचं एक किंवा दोन महिन्यांचं राहिलं होतं. त्यांना थकबाकीदार म्हणणं बरोबर नाही, उपविधीत तीन महिन्यांची मुदत आहे आणि ती बिल किंवा नोटीस हाती पडल्याच्या पुराव्यावर मोजावी लागते. या पुराव्यासाठी आम्ही आता बिलाची पोच सही घेऊन ठेवतो. दोन घरं चार महिन्यांची होती, प्रत्येकी ६,१३५. हे दोघे गावाकडचे शेतकरी. त्यांची पानं मागे चाळली तर दर वर्षी तोच क्रम. सोयाबीन मोंढ्यात गेलं, पट्टी हातात आली की नोव्हेंबरात सगळं व्याजासकट चुकतं. मग परत साचत जातं आणि हरभरा निघाल्यावर एप्रिलमध्ये चुकतं. त्यातले एक मामा मला म्हणाले, "बाई, व्याज लावा, त्याला ना नाही. फक्त नाव फळ्यावर लावू नका." त्यांच्यात आणि बी-७मध्ये फरक आहे. हा फरक नुसत्या रकमेच्या यादीत दिसत नाही. म्हणून मी कागदावर एक रकाना वाढवला: सगळ्यात जुनं न भरलेलं बिल कोणत्या महिन्याचं. यादी त्या रकान्यानेच लावते. रकमेने लावली तर आज डिसेंबरचं बिल बाकी असलेला आणि २०२१चं बाकी असलेला एकाच दमात वाचले जातात.

उरली तीन घरं. बी-७, सी-२ आणि ए-९. नऊ घरांच्या १,३३,७८१ पैकी १,१३,०६९ या तिघांचे होते. सचिवांना मी हेच सांगितलं. टँकरसाठी धरायचा आकडा सहा घरांचा, साधारण वीस हजार रुपये. तो महिन्या-दोन महिन्यांत येईल. तिघांचे पैसे उन्हाळ्यात येणार नाहीत, ते धरून टँकरवाल्याला शब्द देऊ नका.

सी-२ वरच्या मजल्यावरचे आहेत. गच्चीतून गळती होते, ती दुरुस्त करा मग भरतो, असं म्हणून त्यांनी दोन वर्षं पैसे थांबवले. गळती खरी आहे, मी भिंत स्वतः पाहिली, ओल हाताला लागते. पण बिल आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी त्यांची बाकी पूर्ण दाखवली आणि शेजारी शेरा लिहिला: गळतीचा लेखी अर्ज प्रलंबित. समितीने तो अर्ज पुढच्याच बैठकीत घेतला पाहिजे, असा आग्रहही धरला. आपण आपलं काम न करता फक्त व्याज मोजत राहायचं, हे मला पटत नाही. ए-९च्या घरात दीर्घ आजारपण आहे. त्यांनी हप्ते मागितले, समितीने दिले.

एक गोष्ट मात्र मी बंद करायला लावली. पूर्वी हा कागद जसाच्या तसा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडायचा. आता समितीकडे पूर्ण कागद जातो आणि प्रत्येक सभासदाला फक्त त्याचा उतारा मिळतो, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवून. पहिल्याच महिन्यात दोघांनी उतारा बघून स्वतःच्या पावत्या आणून दाखवल्या. त्यातली एक आमच्या नोंदीत चुकीच्या विंगला गेली होती.

बी-७च्या मालकांना मी नवा उतारा टपालाने पाठवला. सव्वीस बिलांची सव्वीस ओळींत मांडणी, प्रत्येकापुढे महिने आणि व्याज. त्यांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, मे २०२३पर्यंतच का धरलं. मी कारण सांगितलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचे २०,००० आले. व्यवहाराखाली काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून ठरावाप्रमाणे आधी व्याजात, मग एप्रिल २०२१पासून पुढे लावले आणि तसं पावतीवर लिहून दिलं.

अनोळखी जमेत अजून ती १,४०० ची एक रक्कम आहे. सत्तावीस घरांपैकी कोणाचीही असू शकते. दर महिन्याच्या कागदाच्या तळाशी मी तिचा बारा अंकी क्रमांक आणि तारीख लिहिते.